रेफरलचे पैसे अडकतात कुठे, लिमिट का असतं आणि स्पॅम कधी सुरू होतो?

गेल्या रविवारी अमरावतीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"ताई, हे ॲपवाले फसवतायत गं. अकरा जण जोडले मी, पैसे आले फक्त सहा जणांचे. बाकीचे पाच नुसते 'पेंडिंग'. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की महिन्याला वीसच्या वर रेफरल मोजणार नाही. जास्त माणसं आणली तर त्यांचाच फायदा आहे ना? मग लिमिट कशाला?"

ऑफर अशी होती: नवीन माणसाने ॲप घेऊन पहिलं पेमेंट केलं की भावाला १०० रुपये आणि त्या माणसाला ५० रुपये. भावाचा पुढचा प्लॅनही तयार होता. कॉलेजचे तीन ग्रुप आणि सोसायटीचा एक, मिळून साधारण ६४० माणसं. सगळीकडे लिंक टाकायची आणि लिमिटमध्ये उरलेले नऊ रेफरल दोन दिवसांत उरकायचे.

मी त्याला म्हटलं, थांब जरा. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि दीड वर्ष एका ॲपच्या रेफरल सिस्टिमचा कोड लिहिणाऱ्या टीममध्ये होते. म्हणजे 'पेंडिंग' हा शब्द ज्या बाजूने लिहिला जातो, त्या बाजूला मी बसलेली आहे. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते, कारण हाच प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडलेला असणार.

हे पैसे येतात कुठून?

नवीन ग्राहक मिळवायला प्रत्येक कंपनी खर्च करतेच. टीव्हीवर, यूट्यूबवर, होर्डिंगवर जाहिरात देते. रेफरलमध्ये त्याच खर्चातले काही पैसे तुम्हाला मिळतात. कारण जाहिरातीवर लोक पटकन विश्वास ठेवत नाहीत, पण "मी वापरतोय, तू पण घे" असं मित्राने सांगितलं तर ठेवतात. म्हणजे कंपनी पैसे देते ते तुमच्या ओळखीचे आणि त्या ओळखीतल्या विश्वासाचे. लिंक पाठवणं हे काही काम नाही, ते कोणीही करू शकतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आपल्याकडचं एक गाजलेलं उदाहरण नागपूरचं आहे. १४ एप्रिल २०१७ ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी नागपुरात भीम ॲपची रेफरल बोनस योजना सुरू केली. ही योजना आणि दुकानदारांसाठीची कॅशबॅक योजना मिळून सहा महिन्यांसाठी ४९५ कोटी रुपये ठेवले होते. नवीन माणूस जोडला की जोडणाऱ्याला १० रुपये. दिवसाला वीस जण जोडले तर २०० रुपये होतील, सुट्टीत विद्यार्थ्यांनी हे करावं, असा हिशोबही तेव्हा भाषणात मांडला गेला होता. मी तेव्हा नागपुरातच हॉस्टेलला होते, त्यामुळे मेसमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पण अट काय होती ते बघा. नुसतं ॲप डाउनलोड करून १० रुपये मिळत नव्हते. नवीन माणसाने तीन वेगवेगळ्या लोकांशी तीन व्यवहार करायचे आणि ते मिळून किमान ५० रुपयांचे व्हायला हवेत, तेव्हा बोनस. ही अट त्रास द्यायला ठेवलेली नव्हती. एकच व्यवहार पुरेसा असता तर मी तुला एक रुपया पाठवते, तू मला परत पाठव, झाला बोनस! हॉस्टेलच्या एका मजल्यावर हे एका रात्रीत आटोपलं असतं. तीन वेगळी माणसं लागली की फसवणाऱ्याची मेहनत वाढते आणि खरोखर ॲप वापरणाऱ्याला ती अट जाणवतही नाही, कारण त्याचे तीन व्यवहार असेही आठवड्यात होतातच.

सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलचं तेज आलं, म्हणजे आजचं गूगल पे. तिथे नवीन माणसाने पहिलं पेमेंट केलं की दोघांना ५१-५१ रुपये, अगदी शकुनाचा आकडा. तिथेही सगळी बक्षिसं मिळून एका आर्थिक वर्षात ९,००० रुपयांची वरची मर्यादा होती. म्हणजे 'पैसे आहेत, पण अट आहे आणि लिमिट आहे' हे पहिल्यापासून असंच चालत आलंय.

अकरापैकी पाच कुठे अडकले?

आता भावाच्या पाच जणांकडे येऊ. मी त्याला प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारला: त्यांनी ॲप घेतलं कसं?

दोन मित्रांनी व्हॉट्सॲपवर लिंक बघितली, पण तिच्यावर दाबलं नाही. संध्याकाळी वायफाय मिळाल्यावर प्ले स्टोअर उघडून ॲपचं नाव शोधलं आणि इन्स्टॉल केलं. इथेच घोळ झाला. रेफरलची लिंक साधारण अशी दिसते:

```
https://play.google.com/store/apps/details?id=com.example.app&referrer=CODE123
```

शेवटचा `referrer=` नंतरचा भाग म्हणजे तुमची ओळख. लिंकवर दाबून त्याच वाटेने इन्स्टॉल केलं तर प्ले स्टोअर तो भाग जपून ठेवतं आणि ॲप पहिल्यांदा उघडल्यावर तो वाचून घेतं. स्वतः शोधून इन्स्टॉल केलं तर तो भाग येतच नाही. ॲपच्या दृष्टीने तो माणूस आपला आपण आला. काही ॲप्समध्ये नोंदणी करताना कोड हाताने टाकायची जागा असते, तिथे टाकला असता तर चाललं असतं. नोंदणी झाल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी काही करता येत नाही. भावाने या दोघांना 'जोडले' म्हणून मोजलं होतं आणि ॲपवरच्या पाच 'पेंडिंग'मध्ये ते असणारच असं गृहीत धरलं होतं. स्क्रीन नीट बघायला लावली तेव्हा कळलं की पेंडिंग तीनच आहेत. हे दोघं यादीत नव्हतेच.

तिसरा मित्र लिंकवरूनच आला होता, पण त्याने अजून एकही पेमेंट केलेलं नव्हतं. हे खरंखुरं पेंडिंग. त्याने रिचार्ज केला की सुटेल.

उरलेले दोन म्हणजे आमची आजी आणि शेजारच्या काकू. दोघींची खाती भावाने स्वतःच्याच फोनवर उघडली होती. आधी स्वतःचं लॉगआउट, मग आजीचा नंबर, ओटीपी, एक रुपयाचं पेमेंट, लॉगआउट, मग काकूंचा नंबर. त्याला वाटलं, नंबर वेगळे आहेत म्हणजे माणसं वेगळी.

ॲपला असं दिसत नाही. ॲन्ड्रॉइड प्रत्येक ॲपला त्या फोनसाठी एक ओळख क्रमांक देतं. ॲन्ड्रॉइड ८ पासून हा क्रमांक प्रत्येक ॲपसाठी वेगळा असतो, पण ॲप काढून पुन्हा टाकलं तरी साधारणपणे तोच राहतो. फोन पूर्ण रीसेट केला तर बदलतो. त्यामुळे एकाच फोनवर अर्ध्या तासात तीन खाती, त्यातल्या दोन खात्यांवर तिसऱ्याचा रेफरल कोड आणि दोघींचं पहिलं पेमेंट त्याच तिसऱ्याला. माझ्या टीममध्ये असताना ही नोंद समोर आली असती तर आम्हीही ती थांबवलीच असती. भावाचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे, कोडला ते कळायची सोय नाही. त्याच्यासमोर पंधरा सिम घेऊन बसलेला माणूस आणि आजीला मदत करणारा नातू सारखेच दिसतात.

हा भाग भावाला सगळ्यात जास्त झोंबला, पण मला काळजी वेगळीच वाटली. काकूंचा ओटीपी याच्याकडे, खातं याच्या फोनवर, आणि काकूंना आपल्या नावावर काय उघडलंय हे माहीतच नाही. उद्या त्या खात्यात काही गडबड झाली तर विचारणा काकूंना होणार. त्याला त्याच दिवशी काकूंकडे जाऊन, त्यांना नीट सांगून ते खातं बंद करायला लावलं.

मग वीसचं लिमिट कशासाठी?

यामागे दोन साधी कारणं आहेत.

पहिलं कारण हिशोबाचं. या ऑफरमध्ये एका नवीन माणसामागे कंपनीचे १५० रुपये जातात. समजा ओळखीतून १०० जण आले आणि दोन महिन्यांनी त्यातले ४० जण ॲप वापरतायत. खर्च १५,००० रुपये, म्हणजे टिकलेल्या एका माणसामागे ३७५ रुपये. आता समजा हेच १०० जण ग्रुपमधल्या लिंकवरून, ५० रुपयांसाठी आले आणि पैसे घेऊन १० सोडून सगळ्यांनी ॲप काढून टाकलं. खर्च तोच १५,००० रुपये, पण टिकलेल्या एका माणसामागे १,५०० रुपये. हे आकडे मी समजवायला घेतलेत, पण टीममध्ये आम्ही जो तक्ता बघायचो त्याची रचना अगदी हीच असायची. एखाद्याने आणलेली पहिली काही माणसं त्याची जवळची असतात. त्याने त्यांना ॲप दाखवलेलं असतं, अडलं तर सांगितलेलं असतं. ती टिकतात. ओळखीची माणसं संपली की माणूस अनोळखी लोकांकडे वळतो आणि तिथून आलेली माणसं टिकत नाहीत. लिमिट साधारण त्या वळणाच्या आसपास ठेवतात.

दुसरं कारण चोरीचं. फसवणूक पकडायच्या कितीही युक्त्या केल्या तरी काही सुटतेच. लिमिट नसेल तर सुटलेला एकच माणूस हजार खोटी खाती दाखवून लाखभर रुपये घेऊन जाईल. लिमिट वीसचं असेल तर एका खात्यावर नुकसान महिन्याला २,००० च्या वर जात नाही. जास्त हवं असेल तर त्याला आणखी खाती लागतील, प्रत्येकाला नवीन सिम, नवीन फोन, नवीन केवायसी. तेवढा खर्च करून १०० रुपयांसाठी कोणी बसत नाही. म्हणजे लिमिट हे धरणाच्या भिंतीसारखं नाही, घरातल्या फ्यूजसारखं आहे. बिघाड झालाच तर तो एका खोलीपुरता राहावा म्हणून.

पैसे लगेच न देता आठ-पंधरा दिवस 'पेंडिंग' ठेवण्याचं कारणही हेच. बँकेत गेलेले पैसे परत मागता येत नाहीत, म्हणून तपासणी आधी.

आणि जिथे ओळखीच्या मर्यादेचा विचारच नाही, तुम्ही आणलेल्याने आणलेल्याचेही पैसे तुम्हाला, त्याच्या खालच्याचेही, आणि सामील व्हायला आधी स्वतः पैसे भरा असं असेल, तिथे लिमिट नसणं हीच धोक्याची खूण समजा. ते पैसे जाहिरातीच्या खर्चातून येत नसतात. ते खालच्या माणसाच्या खिशातून वर येत असतात. भारतात अशा साखळी योजनांवर १९७८ पासून बंदीचा कायदा आहे.

ओळखीतून सांगणं संपतं कुठे आणि स्पॅम सुरू होतो कुठे?

इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. २०१७ च्या दिवाळीच्या सुमारास मी ५१ रुपयांची लिंक आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली. सत्तर जणांचा ग्रुप. माझ्यासारख्या आणखी पाच-सहा जणांनी टाकली. मग "माझी वापरा ना प्लीज" असं पुन्हा टाकणं सुरू झालं. तिसऱ्यांदा टाकल्यावर आमच्या सीआरने मला ग्रुपमधून काढलं. त्याच आठवड्यात एका विषयाची सबमिशनची तारीख अलीकडे आली. तो मेसेज ग्रुपवर होता आणि मी नव्हते. मला दोन दिवस उशिरा कळलं आणि रात्रभर जागून फाइल पूर्ण करावी लागली. त्या ग्रुपमधून मला मिळाले किती? एकाचे, ५१ रुपये. पण मी गेल्यावरही ज्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवला होता त्यांच्यातल्या तिघांचीही तारीख चुकली. हे माझ्या आजही लक्षात आहे. माझ्या लिंकची किंमत त्यांनी भरली.

स्पॅमचं गणित हेच असतं. भावाच्या ६४० जणांचं बघू. समजा त्यातले सहा जण आले. त्याला ६०० रुपये मिळाले, पाठवायला खर्च शून्य. ६३४ जणांनी मात्र मेसेज उघडला, काय आहे ते बघितलं, वैतागले. पाठवणाऱ्याला काहीच लागत नाही आणि सगळा भार घेणाऱ्यांवर पडतो, म्हणून असे मेसेज वाढतच जातात. वीस जणांनी असंच केलं की ग्रुप मरतो.

म्हणून मी एक साधी चाचणी वापरते. हा मेसेज मी या एका माणसाला, त्याचं नाव घेऊन पाठवला असता का? "अगं, तुला वीजबिल भरायला रांगेत जावं लागतं ना, हे ॲप बघ, आणि खरं सांगते, तू घेतलंस तर मला शंभर मिळतील" हा रेफरल. तोच मजकूर, तेच चार इमोजी, नाव नसलेला, न विचारता पन्नास ठिकाणी, तो स्पॅम. यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये, प्ले स्टोअरच्या रिव्ह्यूमध्ये 'माझा कोड वापरा' लिहिणं हेही त्यातच आलं. रिव्ह्यू वाचणारा माणूस ॲप कसं आहे ते शोधायला आलेला असतो.

आणि पैसे मिळणार आहेत हे लपवू नका. नंतर कळलं की समोरच्याला वाटतं, माझ्या भल्यासाठी सांगितलं की शंभर रुपयांसाठी?

नियम काय म्हणतात?

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ पासून भारतात एकावेळी पाच चॅटनाच फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एकावेळी एकाच चॅटला जातो. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेलं फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं. मोठ्या प्रमाणात सारखे मेसेज पाठवणं त्यांच्या अटींत बसत नाही आणि लोकांनी रिपोर्ट केलं की नंबर बंद होऊ शकतो. शंभर रुपयांसाठी घरच्यांचे, कॉलेजचे सगळे चॅट ज्या नंबरवर आहेत तो नंबर पणाला लावायचा का, हा विचार करा.

एसएमएस आणि कॉलचं प्रकरण आणखी कडक आहे. ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले. नोंदणी नसलेल्या साध्या नंबरवरून जाहिरातीचे मेसेज आले आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तर कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर सगळ्या कंपन्यांकडची कनेक्शन्स एक वर्ष बंद. तुम्हालाच असे एसएमएस येत असतील तर १९०९ वर तक्रार करता येते.

आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगते. पैसे लावून खेळायच्या गेमच्या लिंक अजून फिरतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात अशा गेमच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवलाय. 'मी फक्त लिंक टाकली' हे कारण तिथे पुरेसं ठरेल असं धरून चालू नका.

भावाने शेवटी काय केलं?

ग्रुपमध्ये लिंक टाकली नाही. ज्या दोन मित्रांचं रेफरल हुकलं होतं ते सोडून दिलं. तिसऱ्याला रिचार्जची आठवण केली, त्याचे १०० रुपये गुरुवारी आले. मग त्याने वहीत नावं लिहिली: हे ॲप खरंच कोणाच्या उपयोगाचं आहे? नऊ जागा होत्या, नावं निघाली चार. त्यात एक आमचे मामा होते, जे अजून वीजबिल भरायला रांगेत उभे राहतात. त्यांना त्यांच्याच फोनवर ॲप घेऊन दिलं, त्यांच्याच खात्यावरून बिल भरून दाखवलं.

"चारच झाले गं ताई," तो म्हणाला.

मी म्हटलं, मग तुझं खरं लिमिट चारच होतं. कंपनीने वीस लिहिलं होतं, एवढंच.